चार आठवडे आणि विषमज्वराचे एक पान

सांगली

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

परीक्षेला २८ दिवस उरले आहेत आणि जिवाणूशास्त्र, विषाणूशास्त्र व इम्युनॉलॉजी हे तिन्ही भाग अजून व्हायचे आहेत, असे तू लिहिलेस. तू जिवाणूशास्त्रापासून सुरुवात करणार आहेस, कारण अभ्यासक्रमात ते आधी छापले आहे. माझा आग्रह मात्र असा आहे की पहिले ८ दिवस इम्युनॉलॉजीला द्यावेत, त्यानंतर ९ दिवस जिवाणूशास्त्राला, ६ दिवस विषाणूशास्त्राला आणि उरलेले ५ दिवस जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून लिहिण्याला. इम्युनॉलॉजी कच्ची राहिली, तर पुढच्या दोन्ही भागांतील निदानाची प्रकरणे नुसती पाठ करावी लागतात, आणि पाठ केलेले चौथ्या आठवड्यात एकमेकांत मिसळते.

पहिल्या ८ दिवसांत सर्व काही सारख्या खोलीने वाचू नकोस. आयजीएम ही अँटिबॉडी आधी येते व आयजीजी मागून येऊन टिकते ते का, दुसऱ्या भेटीचा प्रतिसाद जलद आणि मोठा का असतो, कॉम्प्लिमेंट काय करते आणि अँटिजेन-अँटिबॉडीच्या चाचण्या कशावर चालतात, या चार गोष्टी पक्क्या कर. हायपरसेन्सिटिव्हिटीच्या चार प्रकारांना एक दिवस पुरेल.

त्याचा उपयोग कसा होतो हे विषमज्वरावर दाखवतो. तापाच्या पहिल्या आठवड्यात रक्ताचे कल्चर, दुसऱ्यात रक्तातील अँटिबॉडी शोधणारी विडाल चाचणी, तिसऱ्यात शौच आणि त्यानंतर मूत्र, हा क्रम प्रत्येक विद्यार्थी घोकतो. मीही घोकला होता, आणि तोंडी परीक्षेत ‘हाच क्रम का?’ असे विचारल्यावर गप्प राहिलो होतो. उत्तर सरळ आहे. ताप चढतो तेव्हा विषमज्वराचा जिवाणू साल्मोनेला टायफी रक्तात फिरत असतो, म्हणून तो तिथे सापडतो. पुढे अँटिबॉडी तयार होऊ लागतात, रक्तातील जिवाणू कमी होतात आणि विडाल बोलू लागते. दरम्यान पित्ताशयात वाढलेले जिवाणू पित्ताबरोबर आतड्यात उतरत राहतात, म्हणून शौचात ते नंतर अधिक मिळतात. पित्ताशयातील हीच वस्ती बरे झालेल्या माणसाला दीर्घकाळ वाहक ठेवू शकते.

आता कल्चरकडे पाहा. ५ मिलि रक्त ५० मिलि बाइल ब्रॉथमध्ये घालतात. एवढ्या माध्यमात रक्त पातळ झाले की त्यातील अँटिबॉडी आणि कॉम्प्लिमेंट यांचा जिवाणूंना मारणारा जोर ओसरतो, आणि पित्तही त्या जोराला आवर घालते. कॉम्प्लिमेंट आधी समजले असेल, तर हे प्रमाण वेगळे पाठ करावे लागत नाही. पुढे मॅकॉन्की अगारवर लॅक्टोज न आंबवल्यामुळे फिक्या, रंगहीन वसाहती दिसतात, तर ई. कोलायच्या गुलाबी.

विडालच्या उत्तरात बहुतेकांचे गुण मर्यादा न लिहिल्यामुळे जातात. आपल्यासारख्या विषमज्वर नित्य आढळणाऱ्या भागात निरोगी माणसातही थोड्या अँटिबॉडी असतात, आणि पूर्वी लस घेतलेल्या किंवा आजार होऊन गेलेल्या माणसात दुसऱ्याच तापातही एच-अँटिबॉडी तात्पुरत्या वाढू शकतात. म्हणून एकाच नमुन्यावर निकाल न देता साधारण ७ ते १० दिवसांच्या अंतराने दोन नमुने घ्यावेत. ओ-टायटर, म्हणजे सीरम किती पातळ करूनही ओ-अँटिबॉडी सापडतात ते प्रमाण, १:८० वरून १:३२० वर गेले, तर ती चौपट वाढ अर्थपूर्ण ठरते.

हे सर्व एका पानावर मावते. जिवाणूशास्त्राच्या ९ दिवसांत रोज असे एकच पान तयार कर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पुस्तक उघडण्याआधी, ते कोऱ्या कागदावर पुन्हा लिही. वाचताना सगळे ओळखीचे वाटते. कोरा कागद मात्र कुठे अडले ते लगेच दाखवतो. अडलेल्या जागेपुढे लाल खूण कर आणि तासगावहून एसटीने येताना फक्त त्या खुणा आठव.

विषाणूशास्त्रात विषाणूचे गुणन आणि कल्चरच्या पद्धती दोन दिवसांत आटोप. त्यानंतर हेपॅटायटिस बी नीट कर, कारण तुझी इम्युनॉलॉजी तिथेच तपासली जाते. समज, रक्तात फक्त पृष्ठभागाच्या अँटिजेनविरुद्धची अँटिबॉडी आहे आणि गाभ्याविरुद्धची नाही. मग हा माणूस आजारातून बरा झालेला आहे की लस घेतलेला? लसीत केवळ पृष्ठभागाचे अँटिजेन असते, त्यामुळे तो बहुधा लस घेतलेला आहे. आजार होऊन गेलेल्यात सहसा दोन्ही सापडतात. पृष्ठभागाचे अँटिजेन नाहीसे झाले आहे, पण त्याविरुद्धची अँटिबॉडी अजून दिसत नाही, अशा मधल्या काळात गाभ्याविरुद्धचे आयजीएम एकटेच संसर्ग सांगते.

नवव्या दिवशी, म्हणजे इम्युनॉलॉजी संपताच, विषमज्वराचे पान न पाहता लिही आणि त्या रविवारी येताना खाडाखोडीसह तसेच घेऊन ये. नव्याने उतरवून आणू नकोस. तू कुठे थांबलीस ते मला पाहायचे आहे.

तुझे,
सर