बरं झाल्याचा आनंद कुणाचा?

“बायकोची बायपास होऊन अडीच महिने झाले. रिपोर्ट उत्तम आहेत. तिला आनंद व्हावा म्हणून मी तिला न सांगता पंचवीस-तीस जणांना घरी बोलावलं. ती अर्ध्या तासात आत गेली आणि रडत बसली. इतक्या मनापासून केलं, माझं चुकलं कुठे?”

असा प्रश्न घेऊन येणारे जोडीदार मला सतत भेटतात. आजार वेगळा असतो, समारंभ वेगळा असतो, हिरमुसलेपण मात्र तेच. त्यातल्या एका जोडप्याबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पहिल्या भेटीत तो बोलत राहिला आणि ती गप्प होती. मी तिला विचारलं, “त्या दिवशी काय झालं?”

“सगळे म्हणत होते, आता एकदम ठणठणीत दिसतेस. मला तर उभं राहवत नव्हतं. मग वाटलं, मीच नाटक करतेय की काय.”

बायपासमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि तारेनं जोडतात. ते भरून यायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर जड उचलायचं नाही, ढकलायचं-ओढायचं नाही. छातीची एक बाजू बधिर राहू शकते. थकव्याचं तर गणितच वेगळं आहे. आज उत्साहात जास्त वावर झाला, तर त्याची वसुली उद्या होते. अंगावर कपडे नीट, चेहऱ्यावर रंग आलेला, त्यामुळे यातलं काहीही पाहुण्यांना दिसत नाही. “बरी झालीस” हे वाक्य तिच्या कानाला “आता तक्रार करू नकोस” असं ऐकू येतं.

मी आजाराकडे नेहमी नात्याच्या बाजूनं पाहते. शस्त्रक्रिया एकाच्या शरीरावर होते, भीती दोघांना बसते. म्हणून पुढच्या भेटीत मी त्याला विचारलं, “ऑपरेशन चालू होतं तेव्हा तुम्ही कुठे होतात?”

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “बाहेर. तिचा चष्मा माझ्या खिशात होता. सारखा हात लावून बघत होतो. वाटत होतं, हा परत द्यायची वेळ येते की नाही.”

ती त्याच्याकडे वळली. “हे तुम्ही मला कधी सांगितलंच नाहीत.”

“तुला त्रास नको म्हणून.”

“मला वाटलं, तुम्हाला काही झालंच नाही. मी एकटीच घाबरतेय.”

इथे गाठ सुटली. तो समारंभ त्याच्या सुटकेचा होता. त्याची भीती संपली होती, तिची अजून चालू होती. अशा वेळी मी आधी हेच तपासते आणि बहुतेकदा निदान बरोबर निघतं.

मग तिला विचारलं, काय मिळालं तर बरं झाल्यासारखं वाटेल? ती लगेच म्हणाली, “गाडीची किल्ली.” ऑपरेशनपासून तो तिला काहीच करू देत नव्हता. जिना चढताना कोपर धरायचा, फोनही आधी स्वतः उचलायचा. काळजीच ती, पण तिच्यामुळे माणूस घरात पाहुणा होतो.

तीन महिन्यांच्या तपासणीत डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली. त्यानं काय केलं, ते मला फार आवडलं. सीटबेल्ट व्रणावर काचू नये म्हणून छोटी मऊ उशी आणली, किल्ली तिच्या हातात दिली आणि स्वतः शेजारच्या सीटवर बसला. “कुठे जायचं?” एवढंच विचारलं. वीस मिनिटांत ते परत आले. वाटेत एकदाही “सावकाश” म्हणालो नाही, हे त्यानं मला दोनदा सांगितलं.

तुम्हालाही काही करायचं असेल, तर आजारपणानं जोडीदाराकडून काय काढून घेतलं ते विचारा आणि त्यातलं डॉक्टर परवानगी देतील ते परत करा. हात वर करताना दुखत असेल तर पुढून बटणं असलेला सुंदर कपडा आणा. न थांबता दोन जिने चढता आले, तर तो दिवस दोघांचा माना. कार्यक्रमाच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी विश्रांती ठेवा, आणि सकाळी ती “आज नको” म्हणाली तर चेहरा न पाडता रद्द करा.

एक गोष्ट मात्र हौसेवर सोडू नका. बायपासनंतर पाचातल्या साधारण एकाला नैराश्य येतं. उदासपणा, कशातच रस न वाटणं, झोप-भूक बिघडणं दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर ते डॉक्टरांना सांगायचं. मरणाचे विचार बोलून दाखवले, तर त्याच दिवशी.

या दोघांनी पाहुण्यांना पुन्हा बोलावलं, सहाव्या महिन्यात. यादी तिनं केली. सात नावं, वेळ दीड तास.