फक्त "झालं" असा मेसेज आला, तर नेमकं काय झालं हे कसं विचारायचं?

"मॅडमना मेसेज केला होता: 'यादी तपासून झाली का? पत्रही आजच जायला हवं.' उत्तर आलं, नुसतं 'झालं'. यादी झाली, पत्र गेलं, की दोन्ही? परत विचारलं तर उद्धट दिसेल का?"

नाही दिसणार, फक्त "काय झालं?" असं विचारू नका. मराठीत या दोन शब्दांचा पहिला अर्थ "काही बिघडलं का?" असाच लागतो. मॅडम काम संपवून निवांत असतील, तर तुमच्याकडेच काहीतरी गडबड झाली असं त्यांना वाटेल. मग त्या "का? काय झालं?" असं उलट विचारतील आणि मूळ प्रश्न तिथेच राहील. नुसतं "म्हणजे?" हेही टाळा. बोलताना आवाजातला मऊपणा त्याला सांभाळून घेतो, लिहिलेलं "म्हणजे?" मात्र जाब विचारल्यासारखं वाटतं.

विचारण्याआधी तो शब्द नीट वाचा, कारण मराठीचं क्रियापद बरंच काही सांगून जातं. यादी स्त्रीलिंगी आहे. मॅडमच्या मनात फक्त यादी असती, तर हाताला सहज "झाली" आलं असतं, तेही तुमच्याच प्रश्नात "झाली का?" असताना. "झालं" हे नपुंसकलिंगी रूप आहे. ते पत्राला लागू पडतं, आणि "एकूण काम" या मोघम अर्थालाही. म्हणजे पारडं "पत्र" किंवा "दोन्ही" यांच्याकडे झुकतं. पण झुकतं एवढंच. घाईत माणूस वस्तूच्या लिंगाकडे न बघता "तपासून झालं" या अर्थानेही "झालं" लिहितो, म्हणून एवढ्यावर पत्र गेलं असं धरून चालू नका. हाच धागा दुसऱ्या बाजूने मात्र जास्त भरवशाचा आहे. उत्तर "झाली" असं आलं असतं, तर ते पत्राबद्दल नाही हे जवळजवळ नक्की झालं असतं.

समोरची व्यक्ती "झाले" लिहिणारी असेल, तर आणखी एक पेच येतो. ते "झालं"चंच लेखी रूप असू शकतं (काम झाले), किंवा पुल्लिंगी अनेकवचन (पैसे जमा झाले). रोमन अक्षरांत `zala` आलं, तर "झाला" आणि "झालं" यांतला फरकच पुसला जातो आणि लिंगाचा आधार सुटतो.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: "झालं" हा प्रश्नही असू शकतो. मराठीत बोलताना "झालं" आणि "झालं?" यांत फरक फक्त शेवटी चढणाऱ्या स्वराचा असतो, "का" लावलाच पाहिजे असं नाही. लिहिताना हा स्वर प्रश्नचिन्हात मावतो, आणि प्रश्नचिन्ह टाइप करायला एक कळ जास्त दाबावी लागते, म्हणून ते गळतं. पत्र पाठवायचं कोणी हे तुमच्या मेसेजमध्ये आलेलंच नाही. "पत्रही आजच जायला हवं" यात कर्ता नाही. पत्र तुम्हीच पाठवणार आहात असं मॅडमनी धरलं असेल, तर त्यांचं "झालं" म्हणजे "झालं का तुझं पाठवून?" असं असू शकतं. अशा वेळी तुम्ही "धन्यवाद मॅडम" लिहून गप्प बसलात, तर दोघीही समजणार की पत्र दुसरीने पाठवलं, आणि पत्र जागच्या जागी राहणार. एका शब्दाच्या मेसेजमुळे होणाऱ्या घोळांत हा सगळ्यात वाईट, कारण यात कोणालाच शंका येत नाही.

प्रश्न की उत्तर हे ओळखायला वेळ बघा. समजा यादीत चाळीस नावं आहेत, तुमचा मेसेज ३:१० चा आहे आणि "झालं" ३:१२ ला आलं. दोन मिनिटांत चाळीस नावं तपासून होत नाहीत. मग एकतर यादी आधीच तपासलेली होती, नाहीतर तो प्रश्न आहे. हेच उत्तर तासाभराने आलं असतं, तर "आत्ता काम संपलं" हा अर्थ जास्त पटला असता. त्यासोबत हेही बघा की मॅडमनी तुमचा मेसेज धरून त्याखाली उत्तर दिलंय की मोकळं लिहिलंय. मोकळं असेल, तर त्याच्या वरचा मेसेज कोणता होता ते तपासा. मधे दुसरा विषय येऊन गेला असेल, तर "झालं" त्या विषयाचंही असू शकतं.

"झालं, आता भोगा" अशा वैतागाचा अर्थ इथे बाजूला ठेवता येतो. त्यासाठी आधी काहीतरी बिनसलेलं असावं लागतं.

आता विचारायला हवं का हे ठरवा. दोन्ही अर्थांनी तुम्ही पुढे तेच करणार असाल, तर विचारू नका. इथे तसं नाही. पत्र गेलं नसेल तर आज पाठवायला हवं, आणि गेलं असताना तुम्ही पुन्हा पाठवलंत तर समोरच्याकडे दोन पत्रं जातील. म्हणून विचाराच. पण यादीबद्दल विचारू नका. पत्र यादी तपासल्यावरच जाणार असल्यामुळे, ते गेलं असेल तर यादी तपासलेली असणारच, म्हणजे एकाच प्रश्नात दोन्हींचा उलगडा होतो.

प्रश्न असा लिहा:

"मॅडम, यादी बघितल्याबद्दल धन्यवाद. पत्र तुमच्याकडून गेलं, की मी पाठवू?"

यातले शब्द मोजून घेतलेत. "बघितल्याबद्दल" म्हटल्यामुळे मॅडमनी जे केलं त्याची पोच मिळते. यादी अजून तपासलेली नसेल, तर त्या तिथेच "अजून बघायची आहे" म्हणून तुम्हाला थांबवतील. त्यानंतर दोनच पर्याय येतात आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळ्या शब्दाने सुरू होतं: "गेलं" किंवा "पाठव". ज्यांनी एका शब्दात उत्तर दिलं त्या पुढचं उत्तरही एका शब्दातच देणार, तेव्हा प्रश्नच असा हवा की तो एक शब्द पुरेल. "मी पाठवू?" यात तुम्ही काम अंगावर घ्यायला तयार आहात हेही येतं. त्यामुळे हा प्रश्न चौकशीसारखा न वाटता मदतीसारखा वाटतो. उद्धटपणाची भीती इथेच संपते.

"तुमचा मेसेज नीट कळला नाही" असं सुरुवातीला लिहायची गरज नाही. नम्र वाटलं तरी ते समोरच्याला "तुम्ही नीट लिहिलं नाही" असं ऐकू येऊ शकतं. संभाषणाचा अभ्यास करणारे शेग्लॉफ, जेफरसन आणि सॅक्स यांनी १९७७ मध्ये एक गोष्ट मांडली होती: न कळलेलं विचारण्याच्या पद्धती दुबळ्या ते बळकट अशा चढत्या क्रमाने लावता येतात. तळाशी नुसतं "काय?", आणि वर "म्हणजे अमुक म्हणायचंय का?" असा स्वतःचा अंदाज पुढे ठेवणारा प्रश्न. लोक शक्यतो वरचा पर्याय निवडतात, कारण त्यात समोरच्याला सगळं पुन्हा सांगावं लागत नाही, फक्त हो म्हणायचं किंवा दुरुस्त करायचं असतं. मेसेजमध्ये हे अधिकच खरं आहे, कारण तिथे पुन्हा सांगणं म्हणजे पुन्हा टाइप करणं.

प्रश्नात दोन चुका हमखास होतात. पहिली, नकारार्थी प्रश्न: "पत्र गेलं नाही ना अजून?" याला "हो" आलं, तर "हो, नाही गेलं" की "हो, गेलं" हे कळायला मार्ग नाही, आणि "नाही" आलं तरी तीच गत. मराठीत "हो" बहुधा समोरच्याच्या म्हणण्याला दुजोरा देतं, पण सगळे नेहमी तसंच वापरतात असं नाही. म्हणून प्रश्न होकारार्थीच ठेवा. दुसरी चूक आदराच्या नादात होते: "आपण पाठवायचं का?" इथे "आपण" म्हणजे मॅडम, की तुम्ही दोघी मिळून? एक संदिग्ध शब्द सोडवायला निघालात आणि दुसरा तयार झाला. "तुम्ही" आणि "मी" असे उघड शब्द वापरा. "मॅडम" आणि "तुमच्याकडून" यांत पुरेसा आदर आहे.

"झालं" हा मॅडमचा प्रश्न असेल अशी शंका असेल, म्हणजे वरच्या उदाहरणातली दोन मिनिटांची गोष्ट असेल, तर स्वतःची स्थिती आधी सांगा: "मॅडम, मी अजून पत्र पाठवलेलं नाही, तुमच्या यादीसाठी थांबले आहे. यादी तपासून झाली असेल तर लगेच पाठवते." त्यांनी विचारलं असेल तर उत्तर मिळालं, आणि सांगितलं असेल तर त्या दुरुस्त करतील. शंका बोलून न दाखवता दोन्ही अर्थांची सोय झाली.

आणि एवढं करूनही "की" वाल्या प्रश्नाला "हो" आलं तर? असं होतं, कारण वाचणारी व्यक्ती शेवटचा तुकडाच वाचते. मग ते "हो" बहुतेक "मी पाठवू?" याला असतं, पण पत्र दोनदा जाण्याचा धोका असेल तर "बहुतेक" पुरत नाही. आता पर्याय देऊ नका, एकच विधान करा: "ठीक आहे मॅडम, पत्र मी साडेचारला पाठवते. तुमच्याकडून आधीच गेलं असेल तर थांबवा." वेळ लिहिल्यामुळे त्यांना कधीपर्यंत थांबवता येईल ते कळतं. मात्र त्यांनी मेसेज वाचलाच नसेल, तर गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. सव्वाचारपर्यंत वाचल्याची खूण दिसली नाही, तर फोन करा आणि एवढंच विचारा: "मॅडम, पत्र तुम्ही पाठवलंत का?"