मुदत टळली, पण दार अजून बंद झालेलं नाही

«मॅडम, मी पुण्यात एका खासगी कंपनीत अकाउंट्स विभागात आहे. जूनपासून एक सीनियर सहकारी अश्लील बोलतो. 17 ऑक्टोबरला ऑफिसच्या दिवाळी पार्टीत त्याने अंगाला हात लावला. मॅनेजर म्हणाले, ‘लिहून देऊ नकोस, मी समज देतो.’ मी थांबले. डिसेंबरपासून त्याने मला क्लायंट मीटिंगमधून वगळलं. आता मी लिहिलं, ‘ते नेहमी असभ्य वागतात, मानसिक त्रास देतात, योग्य कारवाई व्हावी.’ एचआर म्हणतं, यावर चौकशी होत नाही, शिवाय मुदत संपली. खरंच संपली का?»

तुमचं पत्र मला 5 फेब्रुवारीला मिळालं. अशी पत्रं महिन्याला दोन-तीन येतात आणि बहुतेकांमध्ये तेच वाक्य असतं: मॅनेजर म्हणाले, थांब. मॅनेजरला तो अधिकार नाही. त्यांच्या शब्दावर तुम्ही साडेतीन महिने घालवले याचा मला राग येतो, आणि तो सगळा त्यांच्यावर नाही. ऑक्टोबरमध्ये एक पान लिहिलं असतं तर आज माझी गरजच पडली नसती.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याचं कलम 9 सांगतं, की घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून. तुमची शेवटची घटना 17 ऑक्टोबरची धरली तर 17 जानेवारीला मुदत संपली. पण त्याच कलमात पुढे आहे, की वेळेत तक्रार देणं अशक्य व्हावं अशी परिस्थिती होती याची तक्रारीची चौकशी करणाऱ्या कंपनीच्या अंतर्गत समितीला खात्री पटली, तर कारणं लेखी नोंदवून ती आणखी जास्तीत जास्त तीन महिने वाढवू शकते. म्हणजे 17 एप्रिल ही शेवटची सीमा. त्यानंतर मुदत वाढवायचा अधिकार समितीलाही नाही. एचआरने तुम्हाला अर्धं कलम सांगितलं. मुदत वाढवायची की नाही हे समिती ठरवते, एचआर नाही.

आता डिसेंबरचं बघा, कारण इथेच बायका फसतात. मीटिंगमधून वगळलं ती ‘शेवटची घटना’ धरली तर मुदत मार्चपर्यंत जाते, असं तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. कोलकात्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या एका प्राध्यापिकेने हाच मार्ग धरला होता. शेवटचा छळ एप्रिल 2023 मधला, तक्रार डिसेंबर 2023 मधली. मधल्या काळात त्यांना संचालकपदावरून दूर केलं गेलं होतं, आणि तोही छळाचाच पुढचा भाग आहे असं त्यांचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये ते मान्य केलं नाही. पदावरून दूर करणं हा प्रशासकीय निर्णय, लैंगिक छळाशी त्याचा थेट धागा दिसत नाही, म्हणून तक्रार मुदतबाह्य. खरंखोटं तपासलंच गेलं नाही, तारखेनेच निकाल दिला.

म्हणून सगळी भिस्त डिसेंबरवर ठेवू नका. ‘त्या दिवशी नाही म्हणालीस ना, आता बघ’ असं काही तो बोलला असेल, मेसेज केला असेल, तर तो धागा आहे. तो शब्दशः लिहा. नसेल, तर डिसेंबरची हकीकत नंतर काय झालं म्हणून द्या, आणि मुदतवाढ ऑक्टोबरपासून मागा. आज दिलीत तर उशीर एकोणीस दिवसांचा आहे. उरलेल्या दिवसांची वाट पाहण्याचं एकही कारण मला दिसत नाही.

मुदतवाढीचा परिच्छेद तक्रारीतच, शेवटी पण स्वतंत्र लिहा. ‘मी घाबरले होते’ एवढ्यावर समिती काय नोंदवणार? त्याऐवजी असं: ‘पार्टीनंतरच्या सोमवारी मी मॅनेजरना तोंडी सांगितलं. त्यांनी लेखी देऊ नये, आपण समज देतो, असं सांगितलं. नंतर दोनदा विचारलं तेव्हा थोडं थांब म्हणाले.’ त्या विचारण्याचे मेसेज असतील तर जोडा. समिती हे मान्य करेलच असं मी सांगू शकत नाही. पण कंपनीच्याच माणसाने थांबवलं हे कारण नाकारताना तिला ते कागदावर लिहावं लागेल.

आता मूळ मजकूर. ‘नेहमी असभ्य वागतात’ हे तुमचं मत झालं, घटना नव्हे. समोरच्या माणसाला उत्तर देता येईल असं त्यात काहीच नाही, म्हणून समितीलाही पकडायला काही नाही. 17 ऑक्टोबरची घटना अशी लिहा: ‘संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास तिसऱ्या मजल्यावरच्या पॅन्ट्रीत मी चहा घेत होते. ते मागून आले, माझ्या कमरेवर हात ठेवला आणि म्हणाले…’ इथे त्याचे शब्द, जसेच्या तसे, कितीही घाण असले तरी. सोज्वळ करून लिहू नका. ‘अश्लील बोलले’ या दोन शब्दांत शब्दही जातात आणि पुरावाही. मग तुम्ही काय केलंत, दारात कोण होतं, त्या रात्री कोणाला फोन केलात. साक्षीदाराचं नाव आणि पत्ता द्या, ती बोलेल की नाही हा प्रश्न आज तुमचा नाही.

जूनची तारीख आठवत नसेल तर बनवू नका. ‘जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, ऑडिटर आले होते तेव्हा’ हे प्रामाणिक आहे आणि पुरेसं आहे. बनवलेली तारीख त्याच्या रजेच्या दिवशी निघाली तर खऱ्या घटनेवरही शंका येते. व्हॉट्सअ‍ॅपचे नुसते स्क्रीनशॉट काढून मूळ चॅट पुसू नका, तो फोन बदलूही नका. काही मेसेज रागात डिलीट केले असतील तर तेही सरळ लिहा.

सहा प्रतींत, कागदपत्रांसह, तक्रार अंतर्गत समितीच्या पीठासीन अधिकाऱ्यांच्या नावे जाते. समिती सात कामकाजी दिवसांत एक प्रत त्याला पाठवते आणि त्याला उत्तराला दहा कामकाजी दिवस मिळतात, म्हणजे तुमचा प्रत्येक शब्द तो वाचणार हे धरून लिहा. चौकशी चालू असताना त्याची किंवा तुमची बदली, तुम्हाला तीन महिन्यांपर्यंत रजा, हे कलम 12 खाली मागता येतं, पण ते लेखी मागावं लागतं. याच अर्जात मागा. सिद्ध झालं नाही तर आपल्यावरच उलटेल ही भीती अनेकींना असते. नुसता पुरावा कमी पडणं म्हणजे खोटी तक्रार नव्हे, हे कलम 14 मध्येच आहे. अंगाला हात लावल्याबद्दल पोलिसांकडे जायचं का, हा वेगळा प्रश्न. तिथली मुदत वेगळी आहे आणि समितीकडे गेल्याने तो रस्ता बंद होत नाही.

एचआरच्या टेबलावर कागद ठेवून येऊ नका. समितीच्या पीठासीन अधिकाऱ्यांना हाती द्या, तुमच्या प्रतीवर तारखेसह सही घ्या, आणि तोच मजकूर त्याच दिवशी समितीच्या ईमेलवर पाठवा. सही द्यायला कोणी नकार दिला तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवा.