सात महिने वर झाले म्हणून पाच वर्षं पूर्ण होत नाहीत

प्रश्न: १ जुलै २०२१ पासून एका कंपनीत कायम नोकरीत आहे, आठवड्यातले सहा दिवस काम. बेसिक आणि डीए मिळून ४२,००० रुपये. नव्या कंपनीत हातात ९,००० जास्त मिळतील, पण ३१ जानेवारी २०२६ ला इथून सुटावं लागेल. चार वर्षं सात महिने होतात, म्हणजे पाच धरून ग्रॅच्युइटी मिळेल ना?

उत्तर: नाही. सहा महिन्यांहून जास्त झाले की पूर्ण वर्ष धरायचं, हा नियम रक्कम काढण्यासाठी आहे. हक्क आधी पाच वर्षांच्या सलग सेवेने मिळवावा लागतो. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तरच ही अट सुटते. ठरावीक मुदतीच्या करारावरच्यांना नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने एका वर्षाच्या सेवेनंतरच हक्क मिळण्याची सवलत दिली आहे, पण तुम्ही कायम नोकरीत आहात.

चार वर्षं आणि पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तरी चालतं, हे तुम्ही ऐकलं असेल. त्याला मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालाचा आधार आहे. पण तुमचं पाचवं वर्ष १ जुलै २०२५ ला सुरू झालं. तिथून ३१ जानेवारीपर्यंत रविवार धरूनही २१५ दिवसच होतात. रविवार धरले तर २४० वा दिवस २५ फेब्रुवारीला येतो, वगळले तर एप्रिल उजाडतो. बिनपगारी रजा काढली असेल तर तेवढे दिवस आणखी पुढे. शिवाय बऱ्याच कंपन्या हा हिशेब मानत नाहीत आणि प्रकरण नियंत्रक अधिकाऱ्याकडे न्यावं लागतं. म्हणून एचआरकडून ईमेलवर उत्तर घ्या, तोंडी 'हो'वर राजीनामा देऊ नका.

आता रक्कम. ४२,००० ला १५ ने गुणून २६ ने भागा: एका वर्षाचे २४,२३१ रुपये. पाच वर्षांचे साधारण १,२१,१५४, आणि कायद्याच्या २० लाखांच्या मर्यादेत असल्याने करमुक्त. सीटीसीच्या कागदावर 'ग्रॅच्युइटी' म्हणून वर्षभराच्या बेसिक-डीएच्या ४.८१ टक्के दिसतात ते हेच २४,२३१. आत्ता सुटलात तर चार वर्षांचेही मिळणार नाहीत, आणि नव्या कंपनीत मोजणी शून्यापासून सुरू होईल.

३० जूनपर्यंत थांबलात तर पाच महिन्यांचे ४५,००० जातात आणि १,२१,१५४ वादाशिवाय हातात येतात. मी थांबलो असतो. नव्या कंपनीला १ जुलैची तारीख मागा. नोटीस पीरियडही सेवेत धरला जातो, तेव्हा शेवटचा कामाचा दिवस ३० जून येईल असा राजीनामा द्या आणि नोटीस विकत घेऊन आधी सुटू नका. ते थांबायला तयार नसतील तर जॉइनिंग बोनस मागा, मात्र त्यावर कर लागतो. आधी गेल्याने मिळणारे ४५,००० वजा केले आणि तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल, तर सेससह हिशेब करून किमान १,१०,७०० मागितले तरच बरोबरी होते.

सुटल्यावर तीस दिवसांत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.