इटालियन मुलाखती आणि पॉडकास्ट मराठीत आणताना अर्धवट तुटलेली वाक्यं, एकमेकांना तोडणं, एकाच वेळी बोलणं, हे सगळं ठेवायचं की साफ करायचं?

ठेवायचं. लालबागच्या एका माहितीपटवाल्यांसाठी मी इटलीतल्या बिएल्लाच्या लोकरगिरणीतल्या एका निवृत्त कामगार बाईंची मुलाखत मराठीत केली होती. आपल्या १९८२ च्या गिरणी संपाच्या आठवणींशेजारी ती ठेवायची होती. करारावर सही का केली, यावर बाई म्हणतात: ‘ऑ फिर्मातो पेर्के इल कापो मी... नो, चोए, ची अवेवानो देत्तो के फिर्मावानो तुत्ती.’

मी लिहिलं: ‘सही केली मी, कारण साहेबांनी मला– नाही, म्हणजे, आम्हाला सांगितलं होतं की सगळेच सही करतायत.’ संपादकांनी ते साफ केलं: ‘सगळे सही करतायत असं सांगितल्यामुळे मी सही केली.’ वाक्य गुळगुळीत झालं आणि साहेब गायब! मुळात साहेबांचं नाव घेता घेता बाई थबकल्या होत्या, ‘मला’चं ‘आम्हाला’ झालं, कुणी सांगितलं तेही मोघम राहिलं. मुलाखतीचा जीव तिथेच होता.

इटालियनमध्ये क्रियापद लवकर येतं, त्यामुळे वाक्य तुटलं तरी कबुली देऊन झालेली असते. मराठीत ते शेवटी येतं. सरळ क्रमाने लिहिलंत तर तुटण्याआधी ‘सही केली’ येणारच नाही. म्हणून क्रियापद पुढे घ्या, आपण बोलतोही तसंच. पुढे ‘अवेवानो देत्तो’मध्ये कर्ता नाही, तो पदरचा घालू नका. वाक्य झटक्यात तुटलं तर डॅश, आपोआप विरलं तर तीन टिंबं, आणि हा भेद शेवटपर्यंत पाळा.

याच वाक्यावर बाईंचे यजमान मध्येच म्हणतात, ‘नोन तुत्ती!’ म्हणजे सगळ्यांनी नाही. ते पुढच्या ओळीत त्यांच्या नावाने दिलं आणि दोन्हीकडे, जिथे आवाज एकमेकांवर चढतात तिथे, चौकोनी कंस उघडला. नुसते ‘सी, सी’, ‘चेर्तो’ असे हुंकार गाळते, पण त्यानंतर बोलणाऱ्याने रोख बदलला तर ठेवते. इटालियन गप्पांत दुसऱ्याचं वाक्य पुरं करणं बरेचदा आपुलकीचं असतं, त्याला भांडणाचा रंग देऊ नका.

आवाज गुंतले असतील तर निर्मात्याकडे प्रत्येक माइकचा वेगळा ट्रॅक मागा, पॉडकास्टवाल्यांकडे तो बहुधा असतो. तरीही कळलं नाही तर ध्वनिफितीतली वेळ टाकून ‘अस्पष्ट’ लिहा, अंदाज लिहू नका.

सबटायटल्समध्ये मात्र एवढी जागा नसते, तिथे छाटावंच लागतं. कंपनीच्या जाहिरात-मुलाखतीतही साफ मजकूरच हवा असतो. पण साक्ष किंवा आठवणी असतील तर काम घेतानाच ‘तुटलेली वाक्यं माझ्या संमतीशिवाय जोडायची नाहीत’ असं लेखी घ्या आणि कामाचा दर शब्दांवर नाही, ध्वनिफितीच्या मिनिटांवर ठरवा. त्या संपादकांचं म्हणणं होतं, वाचकाला अडखळायला आवडत नाही. गिरणगावातला वाचक ‘साहेबांनी मला–’ वाचून अडखळणार नाही, त्याला पुढचं न सांगताच कळेल.