कानातले खडे आणि खोली गरगर फिरणं: तुमचे प्रश्न

प्रश्न: गोल गोल फिरून थांबलं की उलट्या दिशेने फिरल्यासारखं का वाटतं?

प्रत्येक आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, एकमेकींशी साधारण काटकोनात, आणि आत एंडोलिम्फ नावाचा द्रव. प्रत्येक नलिकेच्या एका टोकाला फुगवटा असतो, त्यात क्युप्युला नावाचा जेलीसारखा पडदा आणि त्या पडद्यात संवेदी पेशींचे केस रुतलेले. डोकं वळलं की नलिका लगेच वळते पण द्रव मागे रेंगाळतो, म्हणून पडदा विरुद्ध बाजूला वाकतो, केस वाकतात आणि मेंदूला कळतं की डोकं वळलं. पण एकाच वेगाने फिरत राहिलात तर द्रवही नलिकेचा वेग पकडतो आणि पडदा काही सेकंदांत सरळ होत जातो. मेंदू तो सिग्नल थोडा लांबवतो, तरी डोळे मिटलेले असतील तर अर्ध्या-एक मिनिटात फिरतोय हेच जाणवेनासं होतं. मग थांबलात की नलिका थांबते, द्रव मात्र पुढे जात राहतो, पडदा आता उलटा वाकतो आणि मेंदू त्याच्यावर विश्वास ठेवतो. थोडक्यात या नलिकांना फिरणं कळत नाही, फिरण्यातला बदल कळतो.

प्रश्न: मग डोकं नुसतं एका बाजूला कलतं ठेवलं, हलवलंच नाही, तरी ते कसं कळतं?

ते काम आतल्या कानातल्याच युट्रिकल आणि सॅक्युल या दोन छोट्या पिशव्यांचं. यांच्यातही केसवाल्या पेशी आहेत, पण वर एक चिकट थर आणि त्याच्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे. खडे आजूबाजूच्या द्रवापेक्षा बरेच जड, त्यामुळे डोकं कललं की ते गुरुत्वाकर्षणाने सरकतात, केस वाकवतात आणि डोकं तसंच ठेवलं तर वाकवूनच ठेवतात. ताठ बसलात तर युट्रिकलचा थर साधारण आडवा असतो आणि सॅक्युलचा उभा.

यात एक मर्यादा आहे. गाडीने एकदम वेग घेतला तरी खडे मागे सरकतात आणि डोकं मागे कललं तरी मागेच सरकतात, नुसत्या खड्यांना फरक कळणं शक्यच नाही. मेंदू नलिका आणि डोळे यांच्याकडून खात्री करून घेतो. रात्री टेकऑफ करताना बाहेर काही दिसत नसेल तर पायलटला विमानाचं नाक आहे त्यापेक्षा जास्त वर उचललंय असं वाटू शकतं ते याचमुळे, आणि हा भास खरंच धोकादायक आहे.

प्रश्न: अंथरुणात उजव्या कुशीवर वळले की खोली गरगर फिरते, वीसेक सेकंदांत थांबते. बीपी नॉर्मल आहे. मेंदूचं काही असेल का?

तुम्ही सांगताय ते वर्णन बीपीपीव्हीचं वाटतं, म्हणजे खडे सुटून भलत्या जागी गेलेत. क्युप्युलाची घनता द्रवाइतकीच असते, त्यामुळे एरवी नलिकेला गुरुत्वाकर्षण जाणवतच नाही. पण युट्रिकलमधले काही खडे सुटले की ते बहुतेक वेळा मागच्या नलिकेत शिरतात. तुम्ही वळलात की ते खाली घसरतात, सोबत द्रव ओढतात, पडदा वाकतो आणि डोकं स्थिर असूनही मेंदूला ते फिरतंय असं कळतं. खडे तळाला टेकले की पडदा परत सरळ, म्हणून वीस सेकंदांत संपतं.

खात्री करायला डॉक्टर डिक्स-हॉलपाइक टेस्ट करतात: बसवून डोकं उजवीकडे ४५ अंश वळवायचं, पटकन झोपवून मान किंचित खाली लोंबती ठेवायची आणि डोळे बघायचे. दोन-चार सेकंद काहीच होत नाही, मग डोळे वरच्या दिशेने झटके देतात आणि त्याच वेळी खालच्या कानाकडे पिळल्यासारखे फिरतात, मिनिटाच्या आत थांबतात, टेस्ट परत केली तर जोर कमी होतो. हे सगळं जुळलं की निदान जवळपास पक्कं. उलट डोळे लगेच आणि सरळ खालच्या दिशेने झटके देत असतील, किंवा गरगर थांबतच नसेल, एकाच्या दोन वस्तू दिसत असतील, बोलणं अडखळत असेल, हातपाय लुळे वाटत असतील, तर वाट बघू नका, थेट इमर्जन्सीला जा.

उपाय म्हणजे एप्ली मनूव्हर. त्याच लोंबत्या स्थितीतून डोकं डावीकडे ९० अंश, मग अंगासकट डाव्या कुशीवर वळून तोंड जमिनीकडे, मग उठून बसायचं, प्रत्येक टप्प्यावर अर्धा-एक मिनिट थांबायचं. यात खडे नलिकेच्या वळणाने पुढे सरकत युट्रिकलमध्ये परत पडतात. कान आणि नलिका कुठली हे आधी ठरलेलं हवं, नाहीतर उपयोग होत नाही, त्यामुळे पहिल्यांदा डॉक्टरांकडूनच करून घ्या.

प्रश्न: चक्करेच्या गोळ्या चालू आहेत, त्या पुरणार नाहीत का?

गोळीने मळमळ कमी होईल, खडा हलणार नाही. चक्कर दाबणाऱ्या काही गोळ्या तर आठवडेच्या आठवडे चालू राहिल्या की मेंदूचं जुळवून घेणंच लांबतं. म्हणून कुठल्या गोळ्या घेताय ते डॉक्टरांना दाखवा आणि डिक्स-हॉलपाइक झाली का तेही विचारा.