जिवाच्या माणसावरचा राग कसा लिहावा?

*"मोठ्या बहिणीवर माझा फार राग आहे आणि जीवही तेवढाच आहे. लिहायला बसते तर एक तर शिव्या होतात, नाही तर सगळं मिळमिळीत होतं. कसं लिहू?"*

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. माझा राग मोठ्या भावावर होता. बाबा गेल्यावर साडेसात एकर वावराला आई, दादा आणि मी असे तिघं सारखे वारस, म्हणजे माझा हिस्सा अडीच एकर. मी भाऊबीजेला माहेरी गेले, तेव्हा दादानं माझ्याकडून हक्कसोडपत्र करून घेतलं. त्यावर लिहायला मला दोन वर्षं लागली.

पहिल्या खर्ड्यात होतं: "माझा भाऊ लोभी निघाला. त्यानं नात्याचा बाजार मांडला." वाचून मलाच काही वाटेना. "लोभी" हा निकाल आहे, आणि निकाल दिला की वाचणाऱ्याला पाहायला काही उरत नाही. शिवाय ते खोटंही होतं. नाल्याला पूर आला की मला खांद्यावर बसवून शाळेत नेणारा हाच दादा.

मग मी स्वतःलाच विचारलं, राग नेमका कशाचा आहे? जमिनीचा? नाही. तो "मला दे" म्हणाला असता तर बहुतेक मी दिली असती. राग होता तो मला न विचारल्याचा. हे सापडायला तीन-चार खर्डे गेले, पण सापडल्यावर अर्धं काम झालं. माझ्या अनुभवात क्रूरपणा येतो तो इथंच. रागाला नेमकी जागा सापडली नाही की तो माणसाच्या दिसण्यावर, शिक्षणावर, बायकोवर पसरत जातो. मीही वहिनीबद्दल एक पान लिहिलं होतं. तिचा त्या दिवसाशी काही संबंध नव्हता. ते पान फाडलं.

पुढच्या खर्ड्यात फक्त तो दिवस ठेवला:

"साडी पिशवीत वर होती, कागद तिच्याखाली. तू म्हणालास, चाल, तालुक्याले जाऊन येऊ, एक सही करा लागते. गाडी दारात उभीच होती. साक्षीदार ऑफिसात आधीच येऊन बसले होते. म्हणजे त्यांना विचारून झालं होतं. पेन तू दिलास. तुझ्या बोटांवर पऱ्हाटीच्या बोंडांचे ओरखडे होते, वेचणी चालू होती. मले काऊन नाही विचारलं, दादा?"

यात एकही शिवी नाही, पण "म्हणजे त्यांना विचारून झालं होतं" हे वाक्य मला आजही भाजतं. बोटांवरचे ओरखडे मी माया दाखवायला घातले नव्हते. सही करताना मला तेच दिसत होते. "माझं त्याच्यावर प्रेम आहे" असं वेगळं लिहिलं असतं तर राग तिथंच थंड झाला असता. तसंच "त्याच्यावर कर्ज होतं, तो तरी काय करणार" हेही घाईनं लिहू नका. ते खरं असलं तरी आधी तुमचा घाव पूर्ण सांगून होऊ द्या. मिळमिळीतपणा बहुतेक या घाईतून येतो.

आणखी एक बदल झाला, "तो"चा "तू" झाला. जनाबाई विठ्ठलावर रागावते तेव्हा त्यालाच "अरे विठ्या" म्हणून हाक मारते, त्याच्याविषयी गावाला सांगत बसत नाही. तोंडावर बोलायचं ठरवलं की अतिशयोक्ती आपोआप गळते, कारण समोरचाही त्या दिवशी तिथं होता. आणि रागाचं वाक्य घरच्या बोलीतच येऊ द्या. "मला का विचारलं नाहीस" हे मी प्रमाण भाषेत लिहून पाहिलं, ते अर्जातल्या तक्रारीसारखं वाटलं.

एक गोष्ट मात्र मी कटाक्षानं बाहेर ठेवली. दादा एकदा रात्री खळ्यावर माझ्याजवळ रडला होता. कशासाठी, ते मी इथंही सांगणार नाही. खर्ड्यात ती गोष्ट घातल्यावर मजकूर फार धारदार झाला होता. पण ती त्यानं माझ्यावर भरवसा ठेवून सांगितलेली, आणि सहीशी तिचा काही संबंध नव्हता. बहिणीबद्दल लिहिताना असं एखादं वाक्य हाताशी येईलच. ते नेमकं कुठे लागेल हे तुम्हाला पक्कं ठाऊक असेल, आणि झाल्या गोष्टीशी त्याचा संबंध नसेल, तर ते खोडा.

शेवटचा खर्डा मी ओट्यावर बसून दादाला वाचून दाखवला. तो खाली मान घालून ऐकत होता. बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "ते साडी जांभयी होती."

साडीचा रंग मी मजकुरात लिहिलाच नव्हता. घरी येऊन लिहिला, जांभळी.